आईनं चहा केली

पाचवीतल्या एका मुलीच्या वहीतली ही चार वाक्यं आहेत. "आई सकाळी उठली. आई चहा केली. अण्णा म्हैस सोडला. मी भाकरी खाऊन शाळेला आली."

लाल पेन हातात होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याखाली रेघ ओढली, समासात "ने!" असं लिहिलं आणि पुढची वही घेतली. चौथ्या वाक्यातल्या "आली"ला हात लावला नाही. पुस्तकात "आले" असतं, पण मी स्वतः घरी "मी आली" असंच म्हणते. आमच्याकडं अर्ध्या बायका तसंच म्हणतात आणि त्यात कुणाचं काही अडत नाही.

चहाचं मात्र अडलं. आणि मला ते उशिरा कळलं, कारण याच मुलीनं दिवाळीआधी लिहिलं होतं, "आई भाकरी केली." त्यावर मी फक्त बारीक अक्षरात "ने" घुसडून बरोबरची खूण केली होती. "आईने भाकरी केली", झालं शुद्ध. पण तिच्या डोक्यात "केली" कुणाची होती? भाकरीची का आईची? दोघी स्त्रीलिंगी, त्यामुळं चूक झाकली गेली होती. चहा आला आणि पितळ उघडं पडलं.

उदगीरला राहणाऱ्याला हे नवं वाटायला नको होतं. इथून बीदर जिल्हा लागूनच. बाजारात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच हातगाडीवर भाव करतात. ही मुलगी कमालनगरकडची, घरात कानडी. कानडीत आईनं चहा केला तर "अव्व चहा माडिदळु" आणि बापानं केला तर "अप्प चहा माडिद". क्रियापदाचं शेपूट करणाऱ्याकडं बघून बदलतं. चहाला त्यात मत नाही. तेलुगूतही तीच रीत. आणि हिंदी तरी ने लावून बोलते म्हणावं, तर इथल्या दखनीनं तो ने कधीच सोडून दिलाय. उत्तरेचा माणूस "मैंने रोटी खाई" म्हणेल, आमच्या गल्लीतला "मैं रोटी खाया" म्हणतो. म्हणजे या पोरीच्या चारी बाजूंना क्रियापद करणाऱ्याचं ऐकतं. एकटी मराठी आडवी लागते, आणि तीही भूतकाळात शिरल्यावरच. "आई चहा करते, बाबा चहा करतात" इथपर्यंत मराठीसुद्धा करणाऱ्याचंच ऐकते. मग काल उगवला की एकदम पाठ फिरवते.

हे सगळं मला तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी केलं काय, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "भूतकाळात कर्त्याला ने लावावा." मुलांनी लिहून घेतलं. त्याची फळं दोन दिवसांत वह्यांमधून आली. "आज्जीनं गावाहून आली." "पाऊसनं पडला." "कुत्र्यानं पळाला." आणि आमच्या मुलीनं अगदी आज्ञाधारकपणे लिहिलं, "आईनं चहा केली."

त्या शेवटच्या वाक्याकडं मी बराच वेळ बघत बसले. ने लागला होता, सांगितल्याप्रमाणं. पण केली हलली नव्हती. म्हणजे तिच्या लेखी ने हा कपाळावरच्या टिकलीसारखा दागिना होता, वाक्य भूतकाळातलं असलं की कर्त्याला लावायचा. ने लागला की कर्ता बाजूला होतो आणि क्रियापदाला दुसरा मालक बघावा लागतो, हे मी सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते अर्धवट, आणि त्यातलं निम्मं चूक. "आई चहा करत होती" हाही भूतकाळच, त्यात ने कुठंय? "आई पूर्वी गुळाचा चहा करायची", यात कुठंय? उलट "मुलांनी धडा वाचावा" या वाक्यात भूतकाळ औषधालासुद्धा नाही, आणि नी मात्र बसलाय.

काळाचा संबंध वरवरचा आहे. खरी भानगड "केला, वाचली, विकलं" यातल्या त्या ल ची आहे. हा ल लागलेला शब्द मुळात क्रियापद नव्हताच, विशेषणासारखा होता. संस्कृतात "मया ग्रन्थः पठितः" म्हणतात, तेव्हा पठित हे ग्रंथाचं वर्णन असतं: वाचलेला ग्रंथ. कुणी वाचलेला? माझ्याकडून. वाक्यात मुख्य बसलाय तो ग्रंथ, आणि वाचणारा तृतीयेत, एका कडेला. तीच रचना प्राकृतातून मराठीत उतरली, त्या पठितच्या जागी आपला ल आला. विशेषण ज्या नामाचं, त्याच्याशीच त्याचं लिंग आणि वचन जुळणार. काळा बैल, काळी म्हैस, काळं वासरू. तसंच केलेला चहा, केलेली भाकरी, केलेलं पिठलं. पुढं बोलणाऱ्यांनी त्याचं क्रियापद करून टाकलं, पण त्याची जुनी सवय गेली नाही. अजून ते नामाच्याच मागं फिरतं.

मुलांना पठितः सांगून उपयोग नव्हता, पण केलेला सांगता येत होतं. पुढच्या आठवड्यात फळा पुसला आणि ने हा शब्दच काढला नाही. आधी विचारलं, "चहा कसला?" मुलं म्हणाली, "केलेला." "भाकरी?" "केलेली." "पिठलं?" "केलेलं." या मुलीला इथं थोडं अडखळायला झालं, कारण कानडीत "माडिद" एवढं म्हटलं की भाकरी, चहा, पिठलं सगळं त्यात बसतं. पण काळा-काळी-काळं तिनं दुसरीतच पाठ केलेलं होतं, ते कामाला आलं. मग म्हटलं, "कुणी केलेला?" "आईनं केलेला." हा "आईनं" तिच्या तोंडून आपोआप आला, न सांगता. मग "लेला"तला मधला "ले" पुसून टाकला. आईनं केला. काय केला? चहा.

ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे हे केला चहाचं?"

"चहाचं."

"आईचं काहीच नाही?"

मी म्हटलं, "आईचा ने आहे ना."

सरावासाठी वाक्यं काढायला बसले तेव्हा कळलं की आपल्या पुस्तकी उदाहरणांत केवढा आळस असतो. "रामाने आंबा खाल्ला." राम पुल्लिंगी, आंबा पुल्लिंगी. "सीतेने माळ घातली." दोघी स्त्रीलिंगी. असली शंभर वाक्यं बरोबर सोडवणाऱ्या मुलाला नियम कळला का नाही, हे त्यावरून अजिबात सांगता येत नाही. तपासायचं तर करणारा आणि केलेली वस्तू वेगवेगळ्या लिंगांची हवी, आणि जमल्यास वचनही वेगळं हवं. म्हणून मी फळ्यावर लिहिलं, "बाबांनी भाकरी केली."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, चुकलं." मी आनंदानं विचारलं, काय चुकलं? "बाबा कुठं भाकरी करतेत!"

व्याकरणात कुणालाच चूक दिसली नव्हती, संसारात दिसली होती. मग मुलांनीच बदलून दिलं: बाबांनी म्हैस विकली, आईनं बाजार केला, ताईनं कपडे धुतले, दादानं परीक्षा दिली. "आईनं बाजार केला" हे वाक्य आमच्या मुलीचं. दर गुरुवारी तिची आईच बाजाराला येते.

भाकरीचं अजून एक सांगायचं राहिलं. "आईनं भाकरी केली" आणि "आईनं भाकरी केल्या" ही दोन वाक्यं लिहून मी विचारलं, आज जेवायला किती जण आहेत? भाकरी हा शब्द दोन्हीकडं तोच. एक का दहा, हे फक्त क्रियापदाला ठाऊक. मुलांनी यावर पुष्कळ वेळ घालवला, कारण पोळी, चटणी, वही असं करता करता काही शब्द आपोआप बदलतात आणि काही बदलत नाहीत, हे त्यांचं त्यांना सापडत गेलं. पेनवरून तर भांडण लागलं. "दादानं पेन हरवला", "हरवली" आणि "हरवलं" असे तिन्ही पक्ष वर्गात हजर होते. पाहुणा शब्द आहे, अजून घर ठरलेलं नाही, म्हणून मी निकाल दिला नाही. पण भांडण कशावरून चाललंय हे बघून बरं वाटलं. दादा मुलगा आहे, हा मुद्दा कुणीच मांडला नाही.

या वाक्यांत करणाऱ्याचं काय काय झाकलं जातं, याचा विचार मी एरवी केला नसता. "मी आलो" म्हटलं की बोलणारा पुरुष, "मी आले" म्हटलं की बाई, आंधळ्यालाही कळतं. "मी भाकरी खाल्ली" हे कोण म्हणालं? सांगता येत नाही. नाव न घातलेल्या वह्या जमल्या की मी याच खुणेवर मुलगा का मुलगी ओळखायची, आणि ज्या वहीत नुसतं खाल्लं-पिलं-वाचलं असेल तिथं फसायची. मानाचंही तसंच. साहेब येतात तेव्हा "साहेब आले", क्रियापद उठून उभं राहतं. साहेब चहा घेतात तेव्हा मात्र "साहेबांनी चहा घेतला", आणि शिपायानंही चहा घेतला. मान जो काही आहे तो त्या नी मध्ये. क्रियापद चहापुरतं.

"मी" ला ने का लागत नाही, हा प्रश्न एका मुलानं विचारला. माझी आजी असती तर तिनं त्याला प्रश्न पडूच दिला नसता. ती म्हणायची, "म्या सांगितलं, म्या भाकर केली," पण "मी आले." म्या फक्त करून टाकलेल्या कामापुरतं, येण्या-जाण्याला मी. मला लहानपणी वाटायचं म्या हे खेडवळ आहे. शाळेत म्या म्हटलं की हसत. वास्तविक ते जुन्या म्यां चं रूप आहे, तृतीयेचं. म्हणजे आईला जसा ने, तसं मी ला म्या. शहाण्यासुरत्यांच्या मराठीत मी नं म्या ची जागा बळकावली आणि खूण पुसली गेली, पण क्रियापद अजून म्या आहे असंच समजून वागतं. म्हणूनच "मी चहा केला" हे बाईही म्हणते आणि बाप्याही. आजी शुद्ध बोलत होती, हे मला बी.एड. झाल्यावर कळलं.

तू चं प्रकरण निराळं आहे. कॉलेजला पुण्यात पहिल्या वर्षी मैत्रिणीला विचारलं, "तू काय खाल्लं?" ती म्हणाली, "खाल्लंस म्हणावं." मला ओशाळल्यासारखं झालं आणि कित्येक महिने मी स चिकटवत फिरले, कधी कधी भलतीकडंही. आता त्या स कडं बघितलं की गंमत वाटते. "तू आंबा खाल्लास", "तू भाकरी खाल्लीस": खाल्ला-खाल्ली आंब्या-भाकरीसारखं, आणि शेवटचा स तू चा. एकच क्रियापद दोघांची मर्जी राखतं. व्याकरणात याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. आमचं मराठवाडी "खाल्लं" त्या मानानं सरळमार्गी आहे, एकाचीच चाकरी करतं. हे मला तेव्हा म्हणता आलं असतं तर!

एक ओवी मी दरवर्षी वर्गात म्हणून दाखवायची, पाठांतर म्हणून. यंदा ती फळ्यावर लिहून काढली. आपेगाव पैठणजवळच, त्यामुळं ज्ञानेश्वर आपले, असं मुलांना वाटतंच. ज्ञानेश्वरीच्या शेवटाला, शके 1212 म्हणजे इ.स. 1290 चा दाखला देणारी ही ओवी आहे:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

"टीका केली ज्ञानेश्वरें." करणारे ज्ञानेश्वर, पण केली टीकेची. ने नाही, त्या काळचा एं आहे, काम तेच. आणि लगेच खाली "लेखकु जाहला", होण्याचं क्रियापद, तिथं सच्चिदानंदबाबांना काही चिकटलेलं नाही आणि जाहला थेट त्यांचाच. एकाच ओवीत दोन्ही चाली. एका मुलानं विचारलं, "मॅडम, आदरें ला पण एं आहे. मग आदरानं काय केलं?" मी उडालेच. आदरानं काही केलं नाही, आदरानं लिहिलं गेलं. चाकूनं भाजी कापली, त्यातला ने आणि आईनं भाजी कापली, त्यातला ने दिसायला सारखेच. हत्यार, रीत आणि माणूस, तिघांना एकच प्रत्यय. ओळखायचं कसं? "भाजी कुणी कापली" याला चाकू हे उत्तर होत नाही, एवढं त्यांना पुरलं.

सगळं इथं थांबलं असतं तर बरं होतं, पण आमच्या मुलीनं लिहिलं, "अण्णानं म्हशीला सोडली." मी म्हटलं, आता काय करू! नियम तर तिनं पाळला होता. करणारा अण्णा, त्याला ने. सोडलेली म्हैस, म्हणून सोडली. पण म्हशीला ला लागला होता, आणि ला लागला की तीही हातची जाते. "म्हैस सोडली", पण "म्हशीला सोडलं". कर्त्याला ने, कर्माला ला, दोघंही झाकलेले. क्रियापदाला बघायला कुणी उरत नाही. मग ते नपुंसकलिंगी एकवचनात एकटं जाऊन बसतं: सोडलं, मारलं, पाहिलं. याला भावे प्रयोग म्हणतात. मुलींना पाहिलं, मुलांना पाहिलं, बैलाला पाहिलं, काही फरक नाही.

ला केव्हा लावायचा? वस्तूला सहसा नाही, "चहाला केलं" कुणी म्हणत नाही. माणसाला बहुतेक वेळा हो. जनावर मधे, दोन्हीकडं चालतं. माणसांत एक वाक्य मला नेहमी खटकतं. "आम्ही काल लातूरची मुलगी पाहिली." हे कशाबद्दल आहे, मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पोहे, साडी, प्रश्न. आणि "आम्ही काल त्या मुलीला पाहिलं" म्हणजे नुसतं दिसली, रस्त्यात. मुलीचा ला काढून घेतला की ती म्हैस विकली, गाडी घेतली, जमीन पाहिली यांच्या रांगेत जाऊन बसते. हे वर्गात सांगितलं नाही. पाचवी आहे.

सांगितलं ते हाकेचं. "आईनं मुलाला मारलं" आणि "आईनं मुलाला हाक मारली". मुलाला दोन्हीकडं ला, मग दुसऱ्यात मारली कुठून आली? वर्गात दोन-तीन मिनिटं शांतता. मग आमचीच मुलगी म्हणाली, "हाक." मारलेली वस्तू हाक आहे, तिला ला नाही, म्हणून क्रियापद तिच्याकडं धावतं. थापड मारली, धपाटा मारला, शाप दिला, शिवी दिली. मुलांनी मग उदाहरणं द्यायला जी सुरुवात केली ती मला थांबवावी लागली.

अपवाद आहेतच. शिकणे, विसरणे यांना कर्म असलं तरी ने चालत नाही: ती धडा शिकली, तो नाव विसरला. पण शिकवणाऱ्याला ने लागतो: मॅडमनं धडा शिकवला. प्यायच्या बाबतीत पुस्तक म्हणतं "तो पाणी प्याला", आम्ही म्हणतो "त्यानं पाणी पिलं", आणि मी दोन्हीला मार्क देते.

मार्चमध्ये पालक आले तेव्हा तिची आई आली, बाजाराची पिशवी हातात. मराठी ती चांगलं बोलते, फक्त कानडीच्या ठेक्यात. मला नमस्कार केला आणि शेजारच्या बाईला सांगायला लागली, "मॅडम माझ्या पोरीला लई चांगलं शिकवली."

पोरगी आईच्या पदरामागून हळूच म्हणाली, "अव्वा, मॅडमनं. शिकवलं."

"मग तेच की," आई म्हणाली. "लई चांगलं शिकवली."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी रजिस्टरवर आईची सही घेतली.